शटरवरचा दिवा (कथा)

लष्करवाली

लिहून बरेच दिवस पडून होती, आज टाकते. माणसं मनातली आहेत. दिव्याचं मात्र जमेल तितकं खरं लिहिलंय, तिथे काही खटकलं तर जाणकारांनी बोलावं.

ग्वाल्हेरच्या लष्करात, महाराज बाड्याच्या मागच्या एका बोळात नानांचं दुकान. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कोकमं, लसणीची चटणी. गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, त्यामुळे जाहिरात म्हणून काही नाहीच. पाटी आहे, ती वाचायची कुणाला गरज पडत नाही.

नानांच्या पाटीवरचा दिवा ही काकूंची दुखरी नस. बटण दुकानाच्या आत, गल्ल्यामागे. रात्री शटर ओढून कुलूप लावलं की दिवा रात्रभर चालू, आणि सकाळी दुकान उघडून नाना बटण बंद करेपर्यंत ऊन पायरीवर आलेलं. एकादशीला, किंवा कुणाच्या लग्नाकार्याला दुकान बंद असलं, की मग दिवस-रात्र एकच. "दिवसाढवळ्या दिवा लावणारं लष्करातलं एकमेव दुकान," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

दसऱ्याआधी नानांनी शटरला नवा चंदेरी रंग दिला आणि त्याच झपाट्यात डे-नाइट सेन्सर आणला. पांढरी डबी, लिंबाएवढी, तिला तीन वायरी. बिजलीवाला पोरगा शिडी घेऊन आला. वर पत्र्याचा छज्जा, छज्ज्याखाली पाटी, पाटीच्या वर तीस वॅटचा एलईडी फ्लड, तोंड खाली शटरकडे. वायर आखूड पडत होती, म्हणून त्याने सेन्सर दिव्याच्याच पट्टीवर, दिव्याच्या पाठीमागे बसवला. "पीछे है नानाजी, लाइट सीधी नहीं पड़ेगी," असं म्हणाला. ते बरोबरही होतं. सरळ पडत नव्हताच उजेड.

त्या दिवशी साडेपाचलाच, अजून अंधार पडायचा होता तोवर, दिवा आपला आपण लागला. नानांनी समोरच्या शिंप्याला हाक मारून बोलावलं. शिंप्याने मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "मग बटण कुठाय?" "बटणच नाही!" नाना म्हणाले. बोळातल्या सहा दुकानांत बर्फी वाटली गेली.

साडेआठला शटर ओढलं. कुलूप लावलं, किल्ली कंबरेला खोचली, पाच पावलं चालले आणि मागे अंधार झाला. नाना वळले. वीज गेली म्हणावं तर शेजारच्या दुकानाचा दिवा चालू. परत येऊन वर बघतात तर लागला. हुश्श म्हणून निघाले, पुन्हा गेला. नानांना वाटलं, नवीन आहे, रुळेल.

सकाळी शिंपी दारातच उभा. रात्रभर त्याच्या खिडकीत उजेड-अंधार, उजेड-अंधार. बायको म्हणते, नानांकडे लग्न आहे का?

पोरगा आला, दुपारी. सेन्सरवर काळी चिकटपट्टी गुंडाळली, दिवा लागला. पट्टी काढली, थोड्या वेळाने दिवा गेला. "बढ़िया चल रहा है।" नाना म्हणाले, संध्याकाळी ये. संध्याकाळी आला, सातला. दिवा शांतपणे जळत होता. पोरगा अर्धा तास थांबला, चहा प्याला, दिव्याने डोळासुद्धा मिचकावला नाही. "नानाजी, आपको वहम हुआ है।"

नाना त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की साठीनंतर माणसाला काय काय होतं ते ऐकून घ्यायला मी तुला पैसे देत नाही.

आठवड्याभरात दिवा दिवसाही जळायला लागला, भर उन्हात. आता पोरग्याला काहीतरी धरायला मिळालं. "सेंसर चिपक गया।" नवा सेन्सर लावला. पहिल्या रात्रीपासून पुन्हा तेच. मग दिवा बदलला. तेच. तोवर दिवाळी चार दिवसांवर आली, भाजणीला उसंत नाही, पोह्यांची पोती बोळात. नानांनी सेन्सर काढायला लावून जुनं बटण जोडून घेतलं. सेन्सर गल्ल्यात, सुट्ट्या पैशांच्या डब्यात पडला. काकूंनी काही म्हटलं नाही, आणि हे जास्त लागलं.

तुळशीचं लग्न झालं. गिऱ्हाईक ओसरलं. एका सोमवारी नानांनी पोरग्याला बोलावून सेन्सर जसाच्या तसा, त्याच जागी बसवून घेतला. "फिर वही होगा," पोरगा म्हणाला. "होऊ दे. तू जा," नाना म्हणाले.

साडेपाचला ते समोर शिंप्याच्या ओट्यावर बसले. दिवा लागला. सात वाजले, आठ वाजले. दिवा जळतोय. नाना नुसते बघतायत. शिंप्याने मशीन झाकलं, तोही येऊन बसला. साडेआठला नाना उठले, शटर ओढलं, परत ओट्यावर. दिवा गेला. थोड्या वेळाने आला. पुन्हा गेला.

नाना उठून गेले आणि शटर पुन्हा वर केलं. दिवा आला तो थांबला. ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ बसले. शिंपी म्हणाला, "नाना, घरी वाट बघत असतील." नाना म्हणाले, "बघू दे." पुन्हा उठले, शटर कंबरेपर्यंत आणून सोडलं. दिवा स्थिर. गुडघ्यापर्यंत आणलं. दिवा गेला.

मग ते आत गेले आणि गल्ल्याच्या गादीवरची काळी घोंगडी घेऊन आले. शटर पूर्ण ओढलं. शिडीवर शिंपी चढला, कारण नानांचे गुडघे. घोंगडीचं एक टोक पाटीच्या खिळ्याला, दुसरं छज्ज्याच्या आकडीला. चंदेरी शटर अर्धंअधिक काळं झालं.

दिवा लागला. दोघं ओट्यावर बसून राहिले. शेजारचं दुकान बंद झालं, कुत्री आली, रात्रपाळीचा पहारेकरी काठी आपटत गेला आणि घोंगडी बघून थांबला, काही न विचारता पुढे गेला. दिवा जळत होता.

दुसऱ्या दिवशी पोरग्याने तीन मीटर वायर वाढवून सेन्सर छज्ज्याच्या वर, गच्चीच्या कठड्याला नेला, तोंड उत्तरेच्या आभाळाकडे. काम चालू असताना नाना खाली उभे होते. "नानाजी, ये पहले ही बता देते," पोरगा वरून म्हणाला.

---

पोहेप्रेमी

झकास. शिंपी आवडला. एक विचारू का, अशी भाजणी लष्करात अजून मिळते का कुठे? पुण्याला पाठवतील का?

उगाचच

गोष्ट छान, पण नानांना उगाच ताणलंत. आजकाल सगळीकडे डिले असलेला सेन्सर मिळतो. तीस सेकंद किंवा मिनिटाचा डिले घेतला असता तर दिवा असा चालू-बंद झालाच नसता. घोंगडी, शिडी, शिंपी कशाचीच गरज नव्हती. माझ्या गोदामावर तसाच आहे, दोन वर्षं झाली, तक्रार नाही.

तीनफेजी

उगाचच, तुमच्या गोदामावर सेन्सर कुठे आहे आणि दिवा कुठे आहे? माझा अंदाज, लांब-लांब आहेत. म्हणून तक्रार नाही. डिलेचा त्यात हात नाही.

नानांकडे काय होतंय ते बघा. अंधार आहे म्हणून सेन्सर दिवा लावतो. दिव्याचा उजेड चंदेरी शटरवरून उलटून सेन्सरवर येतो. सेन्सरला वाटतं उजाडलं, तो दिवा घालवतो. दिवा गेला की पुन्हा अंधार. आता यात एक मिनिटाचा डिले घातला तर काय होईल? मिनिटभर जळेल, मिनिटभर विझेल. शिंप्याच्या खिडकीत तमाशा तोच, फक्त सावकाश. डिले कशासाठी असतो, तर मोटारसायकलचा हेडलाइट सेन्सरवरून गेला किंवा वीज चमकली तर दिव्याने लगेच मनावर घेऊ नये म्हणून. तो उजेड येतो आणि जातो. शटरवरचा उजेड दिवा जळतो तोवर हटत नाही, डिले संपेपर्यंत वाट बघतो.

यावर खरा उपाय सेन्सरमध्ये थोडा असतो. दिवा लावायची उजेडाची पातळी आणि घालवायची पातळी यांत अंतर ठेवलेलं असतं. समजा दहा लक्सला लावला तर वीस-तीस लक्स झाल्याशिवाय घालवायचा नाही. स्वतःच्या दिव्याचा सेन्सरवर येणारा उजेड या अंतरापेक्षा कमी असेल तर निभावतं. तीस वॅटचा फ्लड नव्या चंदेरी शटरवर हात-दोन हातांवरून मारला, तर तिथून उलटून येणारा उजेड हे अंतर सहज ओलांडणार. सेन्सर कितीही महागाचा घ्या.

ताईंनी एक गोष्ट फार बरोबर पकडली आहे, दुकान उघडं असताना दिवा नीट चालतो ती. शटर वर गुंडाळलेलं असतं, उजेड दुकानात शिरून पोत्यांवर, फरशीवर पडतो, परत फारसा येत नाही. आणि वायरमन नेहमी दुकान उघडं असतानाच येतो. असल्या तक्रारींत मी स्वतः साडेनऊनंतर जातो. गिऱ्हाईक चिडतं, पण दोष दिसतो.

लष्करवाली

धन्यवाद तीनफेजी. एक शंका लिहिताना मलाही होती. पहिला सेन्सर आठवड्यात 'चिपकला' हे मी ऐकीव लिहिलंय. खरंच एवढ्या लवकर जातो का? की तो आधीच खराब असणार?

तीनफेजी

जातो. हिशोब करून बघा. दिवा पाच सेकंद जळला आणि पंधरा सेकंद विझला असं धरू, म्हणजे वीस सेकंदांत एक फेरा. साडेआठ ते सकाळी साडेसहा, दहा तास. म्हणजे एका रात्रीत १८०० फेरे. नीट लावलेला सेन्सर दिवसातून एकदाच दिवा लावतो आणि घालवतो. एका रात्रीत नानांच्या सेन्सरने जवळजवळ पाच वर्षांची नोकरी केली.

त्यात एलईडी. एलईडी लागताना पहिल्या क्षणाला त्याच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर भरतो, तेव्हा करंटचा जो झटका बसतो तो चालू असतानाच्या करंटच्या कित्येक पट असतो. प्रत्येक झटक्याला सेन्सरच्या आतल्या रिलेच्या टोकांवर ठिणगी. एक दिवस टोकं वितळून एकमेकांना चिकटतात. मग ऊन असो की रात्र, दिवा चालूच. डबीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारली की कधी कधी सुटतात आणि दिवा जातो, त्यावरून ओळखायचं. पण सुटली म्हणून तो सेन्सर वापरू नका, पुन्हा चिकटेल.

पोरगा फसला तो इथेच. सेन्सर खरोखर खराब झाला होता, त्यामुळे बदलल्यावर काम झालं असं त्याला वाटलं. तो लुकलुकीमुळे खराब झाला होता, त्याच्यामुळे लुकलुक नव्हती.

उगाचच

मान्य, पण मग नानांनी सरळ टायमर का नाही लावला? संध्याकाळी सहाला चालू, सकाळी सहाला बंद. उजेडाची भानगडच नाही.

जुनं_पान

उगाचच, ग्वाल्हेरला राहून बघा. डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. सहाची वेळ हिवाळ्यात उशिराची आणि उन्हाळ्यात भर उन्हातली. वर्षातून चार-पाच वेळा शिडी लावून टायमर फिरवायचा, म्हणजे काकूंच्या तोंडी पुन्हा तेच वाक्य.

कथेबद्दल: मधला भाग चांगला जमलाय, पण काकू फक्त टोमणे मारायला आहेत. त्या ओट्यावरच्या रात्री काकू दुकानात आल्या असत्या तर? नाना उशीर करतायत, जेवण निवतंय, आणि एकही फोन नाही, हे पटत नाही.

तीनफेजी

सूर्यास्ताच्या हिशोबाने चालणारे टायमरही मिळतात. गावाचे अक्षांश-रेखांश एकदा भरले की रोजची वेळ तो स्वतः काढतो. सेन्सरला जागाच नसेल तिथे मी तेच सुचवतो. फक्त आत बॅटरी आहे का ते बघून घ्यावं. साध्या यांत्रिक टायमरमध्ये ती नसते. वीज दोन तास गेली की तो दोन तास मागे पडतो, आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

लष्करवाली

जुनं_पान, काकूंचा मुद्दा घेते. एका खर्ड्यात त्या डबा घेऊन येतात असं होतं, मग घोंगडीचा प्रसंग त्यांच्याकडे गेला आणि शिंपी नुसता उभा राहिला. शिंप्याला सोडवेना.

आजोबा_बडोदे

नमस्कार. मी वडोदऱ्याचा. आमच्या मांडवीजवळच्या दुकानाला मोटरचं शटर बसवायचं चाललं आहे. शटर वर गेलं की आतले दिवे आपोआप लागावेत आणि खाली आलं की बंद व्हावेत, असं नानांनी केलं आहे असं समजलो. तर तो सेन्सर कोणता वापरला? कंपनीवाला फार पैसे सांगतो.

पोहेप्रेमी

आजोबा, नानांचं शटर हातानेच ओढायचं आहे, गोष्टीत तो बिचारा गुडघ्यांनी कण्हतोय :) दिवा बाहेरचा आहे, अंधारावर चालणारा.

तीनफेजी

आजोबा, तुमचं काम वेगळं आहे, पण विचारलंत ते बरं. शटरवर चालणारे दिवे म्हणजे बहुतेक लोक दाराला लावायचा छोटा चुंबकी स्विच लावतात. त्यात दोन चुका होतात. एक, तो लाकडी दारासाठी असतो. शटर लोखंडाचं, चुंबकाची ताकद लोखंडातच पसरते, आणि शटर वाऱ्याने हललं की स्विच सुटतो-लागतो. शटरसाठी जाड, जमिनीवर बोल्टने बसणारा वेगळा मिळतो, तो मागा. दोन, त्या स्विचमधून थेट दिव्यांचा करंट नेऊ नका. आतली पाती नाजूक असतात, वर नानांच्या रिलेचं जे झालं ते यांचं आणखी लवकर होतं. स्विचला बारा व्होल्टचा रिले चालवू द्या आणि दिवे रिलेवर घ्या.

मोटरच्या शटरला वर-खाली थांबवणारे लिमिट स्विच असतातच. काही कंट्रोल बॉक्समध्ये त्यातून दिव्यासाठी जोड काढून देतात. तेवढं कंपनीवाल्याला विचारा, कदाचित वेगळं काही घ्यावं लागणार नाही.

आजोबा_बडोदे

फार आभारी आहे. नातवाला वाचून दाखवतो.

मुरारवाला

ताई, गोष्ट वाचून आमच्याच घरचं वाटलं. पण माझं कोडं सुटत नाहीये. मुरारला आमच्या घराच्या फाटकावर दिवा, सेन्सर वर गच्चीच्या कठड्यावर, नानांनी शेवटी लावला तसाच, आभाळाकडे तोंड. वर्षभर उत्तम चालतो. फक्त जानेवारीत, दाट धुकं पडलं की मध्यरात्रीनंतर लुकलुकायला लागतो. धुकं विरळ झालं की बंद. दिवसा विचारलं तर वायरमन तेच म्हणतो, वहम.

उगाचच

धुक्यात असं होणारच. धुक्यात उजेड इतका कमी असतो की सेन्सरला दिवस-रात्र कळत नाही. आमच्याकडे जानेवारीत दिवे दुपारपर्यंत जळतात.

तीनफेजी

उगाचच, दुपारपर्यंत जळत असतील तर ते धुक्याने नाही. आपल्या डोळ्याला धुकं म्हणजे काळोख वाटतो, पण दाट धुक्यातल्या सकाळीही उघड्यावर शेकडो-हजारो लक्स उजेड असतो. सेन्सरला घालवायला त्याचा लहानसा हिस्सा पुरतो. तुमचा सेन्सर सावलीत बसलाय किंवा वरचं प्लॅस्टिक धुळीने पिवळं पडलंय. ओल्या फडक्याने पुसून बघा.

मुरारवाला, तुमचं कोडं खरं आहे. त्याला दोन कारणं असू शकतात आणि ती मला इथे बसून वेगळी करता येणार नाहीत.

एक, धुक्याचे थेंब फाटकावरच्या दिव्याचा उजेड सगळीकडे परत फेकतात. दिव्याभोवती जो गोळा दिसतो, तो सेन्सरलाही दिसतो. म्हणजे नानांच्या शटरचं काम तुमच्याकडे हवा करते. दुसरं, दव. डबीच्या बुडाशी सील सैल असेल तर ओल आत जाते. उजेड पडला की आतल्या प्रकाशपेशीतून वीज जास्त वाहते, आणि ओलाव्यातूनही थोडी वाहते. सर्किटला दोन्ही सारखंच दिसतं.

ओळखायचं कसं, तर लुकलुकत असताना फाटकावरच्या दिव्यावर मोठा पुठ्ठा धरायचा, उजेड वर जाणार नाही असा. लुकलुक थांबली तर धुकं. पुठ्ठा धरूनही चालूच राहिली तर ओल.

मुरारवाला

जानेवारीत रात्री दोन वाजता मुरारला पुठ्ठा धरून कोण उभं राहील? जावईसुद्धा राहायचा नाही.

जुनं_पान

नाना राहिले असते.

पोहेप्रेमी

नाना शिंप्याला उभं करतील आणि स्वतः ओट्यावर बसतील.

मुरारवाला

ठीक आहे, धाकट्याला कबूल करवतो. दोन्ही कारणं असली तर?

तीनफेजी

तर पुठ्ठ्याने लुकलुक कमी होईल पण पूर्ण थांबणार नाही, आणि मग मीही गोंधळेन. धुकं पडेपर्यंत दोन गोष्टी दिवसा, एमसीबी पाडून करून घ्या. दिव्याचं तोंड अजून खाली वळवा, आणि दिवा ५० वॅटचा असेल तर २० चा करा. फाटकाला तेवढा भरपूर होतो. आणि सेन्सरची वायर डबीत शिरते तिथे तिला आधी खाली एक झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकेल, डबीत जाणार नाही. हे निम्मे वायरमन करत नाहीत.

लष्करवाली

आमच्या गच्चीवर वायर माकडं ओढतात, झोल दिला तर त्यांना धरायलाच मिळेल. पाइपातून नेली तर झोल कसा द्यायचा?

तीनफेजी

पाइप डबीच्या खाली वीतभर आधी संपवा, तोंड खाली करून. तेवढ्या वीतभरातच झोल द्या आणि कठड्याला क्लिपने घट्ट पकडा. माकडांचं मात्र मी काही सांगू शकत नाही.